बेचाळीस सेकंद

गुरुदीक्षा होऊन मला दोनच वर्षे झाली होती. 1998 सालच्या पावसाळ्यात धर्मग्रामाच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि नववीचा तो तास माझ्याकडे आला. साध्या लंबकाचा प्रयोग मला सोपा वाटला. दाराच्या चौकटीला खिळा, त्याला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला पितळेचा गोलक, एवढेच काय ते साहित्य. खिळ्यापासून गोलकाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर लांबी ठेवली की एका आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याला, दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. एक आंदोलन मोजू गेल्यास हाताची चूकच मोठी होऊन बसते, म्हणून वीस मोजावीत. उत्तर यावे चाळीस सेकंद आणि वर एखादा दशांश.

सर्व मुलांचे चाळीस आले. मागच्या बाकावरच्या एकाच मुलाच्या वहीत बेचाळीस होते.

मी लगेच कारण काढले. या प्रयोगात मुले हमखास एक चूक करतात: गोलक सोडतानाच ‘एक’ म्हणतात. वास्तविक तेव्हा ‘शून्य’ म्हणायला हवे. मोजणीत एक चुकले की उत्तर नेमके दोन सेकंदांनी ढळते. मात्र सोडतानाच ‘एक’ म्हटले तर आंदोलने एकोणीसच होतात आणि उत्तर अडतीस येते. बेचाळीस येण्यासाठी मुलाने एक आंदोलन जास्त मोजलेले असले पाहिजे. हा उलटेपणा मला जाणवला. पण फरक दोनाचाच आहे ना, एवढ्यावर माझे समाधान झाले.

“फादर, मी शून्यापासूनच मोजलं. फक्त गोलक लांब नेला होता,” तो म्हणाला.

“लांब नेला, जवळ नेला, वेळ तोच राहतो,” असे सांगून मी तांबड्या शाईने फुली मारली. पुस्तकात तसेच छापलेले होते.

गेल्या वर्षी एका चिमुरड्याला तोच प्रयोग दाखवताना त्याने गोलक ओढत ओढत पार वर नेला. दोरा उभ्या रेषेशी साठ अंशांचा कोन करीत होता आणि गोलक अर्धा मीटर वर चढला होता. आता हाताशी स्टॉपवॉच होते. वीस आंदोलनांना साडेबेचाळीस सेकंद लागले. माझ्या हातून मोजणी चुकली असेल, असे प्रथम वाटले. मग मी दहा आणि चाळीस आंदोलनांवर पडताळा घेतला. मोजणीत एकाची चूक असती, तर दोन्ही वेळा उत्तर दोन सेकंदांनीच ढळले असते. परंतु दहांना सुमारे दीड सेकंद जास्त लागला आणि चाळिसांना सुमारे साडेचार. आंदोलनांबरोबर वाढत जाणारी चूक मोजणाऱ्याची नसते, ती लंबकाच्या स्वभावातच असते.

कारण असे. गोलकाला मध्याकडे आणणारी ओढ अंतराच्या प्रमाणात वाढत राहिली, तरच वेळ सारखा राहतो. लहान कोनांत ती जवळजवळ तशी वाढते. दहा अंशांवर वीस आंदोलनांत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकाही फरक पडत नाही. साठ अंशांवर मात्र ती ओढ प्रमाणाच्या मानाने सतरा टक्के तोकडी पडते, आणि गोलकाला परतायला उशीर होतो. झोका साठ अंशांवरच टिकून राहिला असता, तर त्रेचाळीस सेकंद भरले असते. हवा झोका हळूहळू लहान करीत आणते, म्हणून साडेबेचाळीस. वर्गातले लंबक त्यामुळेच थोडे ओढून सोडायचे असतात. ही अट त्या तासाला मी फळ्यावर लिहिलीच नव्हती.

गॅलिलिओनेही 1638 सालच्या आपल्या ग्रंथात मोठ्या आणि लहान झोक्यांना वेळ सारखाच लागतो, असे म्हटले होते. मोठा झोका मागे पडतो, हे पॅरिसमधील मार्सेन यांनी हेरले. ते मिनिम संघाचे व्रतस्थ होते. सेमिनरीत असताना त्यांचे नाव मी तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकले होते; लंबकाशी त्यांचा असा संबंध असेल, हे ध्यानीमनीही नव्हते.

तो मुलगा आता लेथवर काम करतो. त्याच्या लेकीच्या प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठी पालकांची सभा होती. ती संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि सर्व सांगितले. माझी चूक होती, तुझी नव्हती, असेही म्हटले. तो जरा वेळ गप्प राहिला.

“साठ अंशच होते का ते, फादर? मला वाटतं, थोडे कमी असतील. माझे बेचाळीसच आले होते, साडे नव्हते.”

मग त्याने विचारले, तो पितळेचा गोलक अजून शाळेत आहे का?