रात्रीचा जॉब आणि शोरूममधला स्कोअर

२०१३-१४ च्या सुमारास दुचाकीच्या कर्जांची मॉडेलं कशी बनायची, हे आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना सांगितलं तर त्यांना ती थाप वाटते. पुण्यातल्या एका फायनान्स कंपनीत आमचा चौघांचा विभाग होता. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक डेस्कटॉप, त्यावर ‘बंद करू नये’ असा चिकटवलेला कागद. डेटाबेसवर एक लांबलचक एसक्यूएल स्क्रिप्ट चालायची, तिच्यातून एक टेबल तयार व्हायचं आणि त्या टेबलावर आर भाषेत मॉडेल बसवलं जायचं. महिन्याच्या एक तारखेच्या रात्री तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवून सगळ्या चालू कर्जांना स्कोअर द्यायचा. सकाळी शाखाशाखांना एक्सेलची फाइल मेलनं जायची, आणि वसुलीची मुलं त्या क्रमानं फोन करायला बसायची.

आज मागे वळून पाहताना त्या व्यवस्थेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मॉडेल ज्या आकड्यांवर शिकलं आणि ज्या आकड्यांवर स्कोअर देत होतं, ते दोन्ही एकाच घाण्यातून निघत. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस एक, चालवणाराही तोच. ‘गेल्या सहा महिन्यांत किती हप्ते चुकले’ हे मोजण्याची पद्धत चुकीची असली, तरी ती दोन्हीकडे सारखीच चुकीची असायची. त्यामुळे मॉडेलला त्या चुकीची सवय झालेली असे आणि स्कोअर बऱ्यापैकी खरा निघे. ट्रेनिंग-सर्व्हिंग स्क्यू, म्हणजे शिकवताना एक आकडा आणि प्रत्यक्ष वापरताना दुसरा, हे दुखणं आम्हाला जवळजवळ माहीतच नव्हतं. त्यात हुशारी कसलीच नव्हती. दुसरा रस्ता नव्हता, एवढंच.

उलट, तेच मॉडेल पुन्हा बनवून दाखवा म्हटलं की सगळ्यांची पाचावर धारण बसायची. लेखापरीक्षक विचारायचे, ‘हा जिनी गुणांक कुठून आला?’ मग कपाटातली डायरी निघायची. तिच्यात तारीख, जिनी, वापरलेल्या घटकांची नावं आणि शेजारी ‘साहेब म्हणाले, वय काढून बघा’ असे शेरे. फोल्डरमध्ये `final.csv`, `final_2.csv` आणि `final_final.csv` नांदत असायच्या. डायरीतलं मॉडेल यांतल्या कुठल्या फाइलवरचं, हे जाणणारा गृहस्थ तोवर नोकरी सोडून बंगळुरूला गेलेला.

आमच्या मनात मात्र पक्कं होतं की आपण पुनरावृत्तीची सोय करून ठेवली आहे. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ही ओळ असायची:

```r
set.seed(123)
```

यादृच्छिक आकड्यांचा क्रम एकदा ठरवून टाकला की ७० टक्के कर्जं शिकवायला आणि ३० टक्के तपासायला ही विभागणी दर वेळी तीच होणार, अशी आमची श्रद्धा. पण सीड बांधून ठेवतो तो फक्त आकड्यांचा क्रम. तो म्हणतो, तिसरी, सतरावी, एकोणिसावी ओळ उचल. तिसऱ्या ओळीत कुठलं कर्ज आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्या एसक्यूएलला `ORDER BY` नव्हता. डेटाबेसला सोयीचा वाटेल त्या क्रमानं तो ओळी द्यायचा, आणि इंडेक्स नव्यानं बांधला की क्रम बदलायचा. सीड तोच, ओळींचे नंबर तेच, कर्जदार मात्र वेगळे.

त्यावर कडी म्हणजे २०१९ मध्ये आलेली आर ३.६.०. आधीच्या आवृत्त्यांत `sample()` मध्ये फार मोठ्या याद्यांसाठी किंचित असमतोल होता. तो काढण्यासाठी निवडीची पद्धतच बदलली गेली. बदल योग्यच होता. पण जुनी स्क्रिप्ट, जुना डेटा, तोच १२३ आणि नवी आर घेतली की विभागणी दुसरीच. जुनी हवी असेल तर `RNGkind(sample.kind = "Rounding")` असं मुद्दाम सांगावं लागतं. सीडसोबत भाषेची आणि पॅकेजांची आवृत्ती लिहून ठेवायची असते, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. आम्ही आता विभागणी सीडवर सोडतच नाही. कर्ज क्रमांकाचा एमडी५ काढायचा आणि त्याच्या शेवटच्या अंकांवरून ते कर्ज कुठल्या गटात जाईल हे ठरवायचं. ओळी कशाही आल्या, आर असो की पायथन, ते कर्ज जन्मभर त्याच गटात राहतं.

सगळ्यात वाईट हाल होते डेटाचे. कर्जाची स्थिती ठेवणारं टेबल जागच्या जागी बदलत असे. मार्चमध्ये हप्ता चुकला, एप्रिलमध्ये भरला, की टेबलात तो माणूस स्वच्छ. मार्चअखेरीस बनवलेलं मॉडेल जूनमध्ये पुन्हा बनवायला घेतलं तर मार्चचं जग शिल्लकच नसायचं. कोड कितीही जपून ठेवला तरी त्याला खायला घालायचं अन्न बदललेलं. आज त्याच टेबलाचे रोजचे स्नॅपशॉट राहतात आणि जुनी प्रत पुसली जात नाही. मॉडेलच्या प्रत्येक चाचणीबरोबर कोडचा कमिट, स्नॅपशॉटची ओळख, पॅकेजांची यादी, सीड, सगळे पॅरामीटर आणि निकाल एमएलफ्लोमध्ये आपोआप नोंदले जातात. एमएलफ्लो २०१८ मध्ये आलं. आता लेखापरीक्षकानं विचारलं तर दुपारच्या चहाआधी तेच मॉडेल तेवढ्याच जिनीसह त्याच्यासमोर ठेवता येतं.

तरी मला ती डायरी आठवते. एमएलफ्लोच्या पडद्यावर शेकडो चाचण्या दिसतात, त्यांना यंत्रानंच ठेवलेली विशेषण-प्राणी-आकडा अशी गमतीदार नावं. काय केलं ते अक्षरन् अक्षर नोंदलेलं असतं, का केलं ते कुणी लिहीत नाही. टिपणाचा रकाना आहे, पण तो रिकामा. वय का काढलं, हे त्या जुन्या मॉडेलबाबत मला आजही सांगता येईल.

स्क्यू आला तो शोरूममधून. आता गिऱ्हाईक गाडी पसंत करतं, डीलरचा माणूस मोबाइलवर अर्ज भरतो आणि काही सेकंदांत कर्ज मंजूर की नामंजूर ते कळतं. इथे रात्रीचं टेबल कामाचं नाही. घटक त्या क्षणी मोजावे लागतात आणि ते काम जावामध्ये लिहिणाऱ्या दुसऱ्या टीमकडे गेलं. घाणे दोन झाले. कुरबुरी लहान गोष्टींपासून सुरू झाल्या. पायथन ३ मध्ये `round(2.5)` दोन देतं, जावाचं `Math.round(2.5)` तीन. असली प्रकरणं कोड शेजारी शेजारी ठेवला की सापडतात. पण एक प्रकरण असं होतं की दोन्हीकडचा कोड बरोबरच दिसत होता.

घटक साधा: गेल्या ३० दिवसांत या माणसानं कर्जासाठी किती ठिकाणी चौकशी केली. क्रेडिट ब्युरोच्या रिपोर्टात प्रत्येक चौकशीची नोंद असते. मॉडेलमध्ये याचे तीन गट होते: एक किंवा कमी, दोन-तीन, आणि चार किंवा जास्त. चार म्हणजे माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय, जोखीम मोठी. शिकवण्याचा डेटा ब्युरोकडून आलेल्या महिनाअखेरच्या फायलीतून घेतला होता आणि जोडणी तारखेवर होती. शोरूममध्ये मात्र रिपोर्ट अर्जाच्या क्षणी ओढला जायचा.

आता पाहा. आपण रिपोर्ट मागवला की आपलीही एक चौकशी नोंदली जाते. महिनाअखेरच्या फायलीत ती आलेली असते, अर्जाच्याच तारखेची. शोरूममध्ये ओढलेल्या रिपोर्टात ती अजून नसते. म्हणजे इतर तीन ठिकाणी फिरून आलेला माणूस शिकवताना चार दिसला, सर्वात वाईट गटात. तसाच माणूस काउंटरवर तीन दिसतो आणि मधल्या गटात जातो. एका ठिकाणी विचारून आलेला शिकवताना दोन, काउंटरवर एक, म्हणजे थेट चांगल्या गटात. सगळे एक पायरी खाली सरकलेले, आणि सीमेवरचे सगळे फुकटात सुधारलेले.

मॉडेल नेमकं दसऱ्याच्या आसपास सुरू झालं होतं. मंजुरीचं प्रमाण चाचणीतल्या अंदाजापेक्षा वर गेलं, तेव्हा विक्री विभाग खूश. ‘सणाला चांगलं गिऱ्हाईक येतं,’ हे उत्तर सगळ्यांना पटलं. कर्ज थकायला काही महिने लागतात, त्यामुळे नुकसान लगेच दिसत नाही. जग बदललं की आपण दोन ठिकाणी वेगळं मोजतोय, हा प्रश्न नुसत्या सरासऱ्या पाहून सुटत नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना मुदतवाढ दिली, तेव्हा हप्त्यांचे आकडे खरोखरच बदलले होते. ते मोजमापाचं काम नव्हतं. फरक ओळखायचा असेल तर तेच अर्ज दोन्ही बाजूंनी मोजावे लागतात. शोरूमच्या बाजूनं मॉडेलला दिलेला प्रत्येक घटक अर्ज क्रमांकासह लॉगमध्ये लिहायला सांगितला. पुढच्या महिन्याची फाइल आल्यावर त्याच अर्जांचे घटक शिकवण्याच्या कोडनं काढले आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवून वजाबाकी केली. जवळजवळ प्रत्येक ओळीत उत्तर एक. नुसतं जग बदललं असतं तर ते दोन्ही रकान्यांत सारखंच उतरलं असतं आणि उत्तर शून्य आलं असतं. ओळीमागून ओळ बरोब्बर एक येते तेव्हा हात कोडचा असतो.

दुरुस्ती एका अटीची:

```sql
-- जुनी
AND e.enq_date <= a.app_date
-- नवी
AND e.known_at < a.decision_at
```

घटना कधी घडली यापेक्षा निर्णयाच्या क्षणी आपल्याला काय माहीत होतं, यावर जोडणी करायची. त्यासाठी प्रत्येक नोंदीला ती आपल्या हाती कधी पडू शकली याची वेळ लागते. जुन्या टेबलांत ती नव्हती, भरून काढायला बरेच महिने गेले.

मार्टिन झिंकेविच यांनी गूगलमध्ये लिहिलेल्या मशीन लर्निंगच्या नियमांत याहून सोपा उपाय आहे: वापराच्या वेळी मोजलेले घटकच साठवा आणि त्यांच्यावरच शिकवा. यूट्यूबच्या मुखपृष्ठावर याचा चांगला फायदा झाल्याचं तिथेच नमूद आहे. व्हिडिओ पाहिला की नाही हे त्याच दिवशी कळतं, तिथे हे छान चालतं. आमच्याकडे कर्ज बुडालं की नाही हे कळायला वर्ष जातं. आज नवा घटक लॉग करायला घेतला, तर त्यावर शिकायला पुढच्या वर्षीचा दसरा उजाडतो. म्हणून आम्ही शिकवतो मागच्या तारखांच्या जोडणीवर, आणि लॉग वापरतो त्या जोडणीची झडती घ्यायला.

ती झडती आता रोज सकाळी होते, प्रत्येक घटकातल्या न जुळलेल्या ओळींचं प्रमाण दाखवत. बहुतेक रकाने शून्य असतात. फक्त वयाचा कधीच शून्यावर येत नाही. शिकवण्याचा कोड दिवसांना ३६५ नं भागतो, जावा वाढदिवस पाहते. चाळिशीच्या माणसाच्या खात्यात दहा लीप दिवस जमलेले असतात, त्यामुळे तो एकीकडे दहा दिवस आधीच एकेचाळीसचा होतो. वयाचे गट दहा-दहा वर्षांचे असल्यानं स्कोअर क्वचितच हलतो, आणि दुरुस्त करायचं तर मॉडेल पुन्हा मंजुरीला पाठवावं लागेल. पुढच्या आवृत्तीत करू, असं ठरलं आहे, आणि तसं टिपणाच्या रकान्यात लिहिलंही आहे.