ओठ मिटून 'राम', जीभ हलवून 'विठ्ठल'

'राम' गुणगुणता येतो, 'विठ्ठल' येत नाही. ओठ मिटले की जीभ, दात, टाळू यांची कामं थांबतात आणि नाकातून एकच ध्वनी वाहत राहतो, 'म'चा. 'राम'च्या शेवटी तो आयताच मिळतो. 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' आणि 'ल' जिभेशिवाय उमटत नाहीत. ओठ मिटून म्हणायला गेलं तर चाल उरते, नाम राहत नाही. मोठ्यानं, गुणगुणत आणि मनात, या तीन प्रकारांतला फरक मला असाच घशातून आणि नाकातून कळत गेला. त्यातला बराचसा कन्हानच्या सप्ताहात, रात्रीच्या पहाऱ्यावर.

मी कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. तिसऱ्या पाळीची सवय असल्यामुळे सप्ताहात रात्री दोन ते तीनचा पहारा माझ्याकडे यायचा. सात दिवस नाम खंडू द्यायचं नाही आणि वीणा खाली ठेवायची नाही. आधीचा माणूस गळ्यातून वीणा काढतो, ती तशीच आपल्या गळ्यात येते, आणि तेवढ्या वेळातही तोंडातलं नाम थांबत नाही. रामटेक जवळ असल्यामुळे आमच्याकडे तेरा अक्षरांचा मंत्र चालतो: श्रीराम जय राम जय जय राम.

नवा माणूस पहाऱ्याला आला की पहिली दहा मिनिटं तो फार जोरात म्हणतो. त्यातच हावडा लाइनवरून मालगाडी गेली की तिच्यावर ताण करतो. पंधराव्या मिनिटाला घसा खरवडतो, खांदे कानांकडे चढतात, मंत्राच्या शेवटचा 'राम' अर्धा गिळला जातो. आमचे बुवा अशा वेळी जवळ येऊन हळूच म्हणायचे, "काऊन जी, देव का नदीच्या त्या पार बसला हाय? बोलता तसं म्हणा न."

'बोलता तसं' यात सगळं आलं. मोठ्यानं म्हणायचं म्हणजे ओरडायचं नाही. घरातून कुणी हाक मारल्यावर आपण 'हो, आलो' म्हणतो तो आपला स्वर. त्याच स्वरात, शेजारच्या खोलीत जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचं. गाण्याची पट्टी शोधायला पेटी लागत नाही. जेवणानंतर दोनेक तास जाऊ द्यावेत, कारण भरल्या पोटावर श्वास छातीतच अडकतो. घसा जळजळला तर आवाज कमी करावा, गरम पाणी पिऊन तोच आवाज पुढे रेटू नये. चक्कर आल्यासारखं झालं तर श्वास फार भरभर चाललाय असं समजून गप्प बसावं आणि साधा श्वास घ्यावा.

पण मोठ्यानं म्हणण्याची खरी किल्ली आवाजात नसून श्वासात आहे. ती एकट्यापेक्षा जोडीनं पटकन सापडते. पहाऱ्यावर दोघं असले की एकानं मंत्र म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. संथ लयीत एकेकाला चारपाच सेकंद लागतात. दुसरा म्हणत असतो तेव्हा आपला श्वास आत येतो, आपण म्हणतो तेव्हा तो हळूहळू बाहेर जातो. एक फेरा साधारण दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. गंमत अशी की 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकं हेच मांडलं होतं. त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हे दोन्ही तपासले. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा जास्त तत्पर झाली. ती प्रार्थनासुद्धा अर्धी एकानं आणि अर्धी बाकीच्यांनी म्हणायची असते. पहाऱ्याची रीत कुणी डॉक्टरनं बसवलेली नाही, पण दोन टोकांची माणसं एकाच लयीला येऊन पोचली.

एकट्यानं करायचं तर एका श्वासात एक मंत्र म्हणावा, मग तोंड मिटून नाकानं श्वास आत घ्यावा, मग पुढचा मंत्र. या लयीत 108 मण्यांच्या माळेला अठरा मिनिटं लागतात. घाईनं तीन सेकंदांत एक मंत्र उरकला तर तीच माळ साडेपाच मिनिटांत संपते. नवख्यानं पूर्ण माळेचा हट्ट धरू नये, संथ लयीच्या सत्तावीस मण्यांवर थांबावं. पूर्ण माळ घाईत ओढण्यापेक्षा ते बरं.

गुणगुणणं पहाऱ्यात चालत नाही, तिथे नाम ऐकू यायला हवं. ते माझ्याकडे आलं घसा बसल्यावर, घरी. 'रा' उघड्या तोंडानं, बोलल्यासारखा पण छोटा. लगेच ओठ हलकेच टेकवायचे, दात मात्र एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, आणि 'म' श्वास संपेपर्यंत लांबवायचा. नीट होतंय का हे बघायला दोन खुणा आहेत. नाकाच्या दांड्यावर बोट ठेवलं तर थरथर बोटाला कळते. आणि मध्येच नाकपुड्या चिमटीत धरल्या तर आवाज तत्काळ बंद पडतो. बंद पडला नाही तर ओठ कुठेतरी उघडे आहेत आणि हवा तोंडातून निसटतेय. दात आवळले की थरथर जबड्यात अडकते आणि थोड्याच वेळात कानशिलं दुखतात, ती तिसरी खूण म्हणा हवं तर.

श्वास संपायच्या आधी थांबावं. शेवटचा थेंब पिळून काढला की पुढचा श्वास धापेसारखा येतो आणि लय मोडते. पाच मिनिटं सुरुवातीला पुरे. स्वीडनमध्ये 2002 साली मोजलेली एक गोष्ट सांगतो: साध्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू पंधरा पटींच्या घरात वाढतो, कारण कंपनामुळे नाकाशेजारच्या पोकळ्यांमधली हवा हलते. यावरून कुणी सर्दीचं औषध काढू नये. उलट नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी गुणगुणणं जमतच नाही. मग उपांशु करावा, म्हणजे ओठ आणि जीभ हलवायची, आवाज आपल्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही. उपांशु आणि गुणगुणणं एकच समजतात, पण उपांशुत अक्षरं शाबूत असतात आणि नाद जवळजवळ नसतो, गुणगुणण्यात नेमकं उलट. म्हणून 'विठ्ठल' किंवा 'कृष्ण' म्हणणाऱ्यांनी गुणगुणण्याच्या मागे न लागता उपांशु धरावा, हे माझं मत.

मनातला जप सगळ्यांना सोपा वाटतो, कारण त्याला घसाही नको आणि जागाही नको. शिवाय त्याचा मान मोठा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा जप दहा पट, उपांशु शंभर पट आणि मानस जप हजार पट श्रेष्ठ, अशी उतरंड लावलेली आहे. आमच्या कामठी-कन्हान भागात त्या ग्रंथाचं नाव कुणी सहज घेत नाही, त्याला सबळ कारणं आहेत. पण ही उतरंड ग्रंथ न वाचताही लोकांच्या डोक्यात बसली आहे. परिणाम असा की माणूस पहिल्याच दिवशी हजार पटीच्या पायरीवर जाऊन बसतो आणि तिथेच पेंगतो.

पेंग तरी कळते: मान लवकते, माळ हातातून घसरते. दुसरा बिघाड जास्त फसवा. माळ चालू असते, नामही आत कुठेतरी वाजत असतं, आणि त्याच वेळी माणूस ट्रान्सफॉर्मरचा हिशेब करत असतो. बुवांनी एकदा शेजारी बसून माझ्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "माळ चालू हाय जी, नाम कुठं हाय?" मी पिपरीला एका ओळखीच्याकडे टाकायच्या वायरिंगमध्ये होतो.

यावर मला लागू पडलेला उपाय असा. मनातल्या जपासाठी तेरा अक्षरं जास्त होतात, ती मध्येच तुटतात. नुसता 'राम' घ्यावा. श्वास आत येताना 'रा', बाहेर जाताना 'म'. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, तो जसा चालतो तसं नाम त्याच्यावर ठेवायचं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून ठेवावं. ते सारखं हलत असेल तर आपण अजून उपांशुतच आहोत, आणि त्यात बिघडलं काही नाही. पाठ भिंतीला टेकू द्यायची नाही, डोळे अर्धे उघडे. सुरुवातीला पाच मिनिटं, घड्याळ लावून. दर दहा मण्यांनी एक प्रश्न विचारायचा: मागचा मणी ओढला तेव्हा नाम होतं का? उत्तर 'आठवत नाही' असं आलं तर पुढचे दहा मणी ओठ हलवून, त्यानंही भागलं नाही तर दहा मणी मोठ्यानं. मग परत आत.

याच खाली उतरण्याचा लोकांना कमीपणा वाटतो. मला तो वाटत नाही, कारण तिन्ही प्रकारांची कामं वेगळी आहेत. मोठ्यानं म्हटल्यानं श्वास बसतो आणि झोप उडते. गुणगुणण्यानं आवाज शरीरात जाणवतो, त्यामुळे मनाला बसायला एक ठिकाण मिळतं. मनात म्हटल्यावर या दोन्हींचा आधार जातो, म्हणून ते शेवटी. रोज पहाटे मी याच क्रमानं करतो: आधी मोठ्यानं सत्तावीस मणी, मग गुणगुणत पाच मिनिटं, मग मनात जेवढं टिकेल तेवढं. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतील तर तिसरा भाग सरळ सोडायचो. इतवारी-रामटेक गाडीत मात्र गर्दीमुळे पहिले दोन करता येत नाहीत, तिथे उपांशु बरा चालतो. डब्याच्या खडखडाटात ओठ हलले तरी कुणी बघत नाही.

खाणीतला माझा एक सोबती कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला विपश्यनेला जायचा. तो म्हणायचा, नाम कशाला, नुसता श्वास बघ. त्यांच्या पद्धतीत मंत्र जोडायचा नसतो, हे मी समजून घेतलं. मला ते जमलं नाही, नाम काढलं की माझ्या हातात काहीच उरत नाही. त्याला माझं जमलं नाही, त्याचं म्हणणं नाम आलं की श्वास दिसेनासा होतो. पाळी संपवून सायकलींवर येताना आम्ही यावर बरेचदा बोललो आणि दोघंही आपापल्या जागी राहिलो.

माळेवरून बुवांशी माझा वाद अजून आहे. मनातला जप मुरला की माळ ठेवून द्यावी, मोजणारा हात म्हणजे अडथळा, असं ते म्हणतात. मी अंगठा आणि मधलं बोट मण्यावर ठेवतो, तर्जनी बाजूला, आणि मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवतो. मोठ्यानं म्हणताना नाम सुटलं तर शेजाऱ्याला कळतं. मनात सुटलं तर ते मला सांगायला हातातल्या मण्याशिवाय दुसरं कुणी नसतं.