शिखरावर म्हणायचा अभंग

पहाटे गिरिशिखरावर मोठ्याने म्हणावयाची कविता ही छापील कवितेहून वेगळी असते, कारण तिचा वाचक नुकताच चढ संपवून धापा टाकत असतो, श्रोत्यांच्या कानावर टोप्या असतात आणि वारा शब्द पळवून नेत असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील बारी गावातून मध्यरात्रीनंतर निघून लोखंडी शिड्यांवरून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर पोहोचणाऱ्या गटासाठी अशी कविता रचणाऱ्यास म्हणूनच आशयाआधी श्वासाचा हिशेब करावा लागतो. विशीतला गिर्यारोहक बहुधा येथे लांब ओळींचा मुक्तछंद घेऊन येतो, पण ओळ अर्ध्यावर असतानाच त्याचा श्वास तुटतो आणि अर्थही तेथेच तुटतो.

या कामी मोठा अभंग सोयीचा ठरतो. त्याच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे व चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते. सहा अक्षरे दमलेल्या माणसालाही एका उच्छ्वासात म्हणता येतात, तर आखूड चौथ्या चरणानंतर पुढचा श्वास घेण्यास आपोआप सवड मिळते. अशा बेताने केलेली रचना पुढीलप्रमाणे असू शकते :

संपली शेवटी । लोखंडाची वाट ।
उजाडे पहाट । हळूहळू ॥

सूर्याला राहू द्या । क्षणभर मागे ।
पश्चिमेस जागे । निळी रेघ ॥

तीच ही पृथ्वीची । पडते सावली ।
उतरू लागली । खोल खाली ॥

मागल्यांची वाट । पाहूनच बोला ।
सूर्य वर आला । सर्वांसाठी ॥

अशी कविता एका बैठकीत पुरी होत नाही; चालणाऱ्याच्या वयाबरोबर तिला कडवी फुटतात. पहिले कडवे तरुणपणीचे, कारण त्या वयात शिडी संपणे हीच मोठी घटना वाटते आणि सारा गट पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. पश्चिमेकडे पाहण्याची बुद्धी पुढे, आकाशाची थोडी ओळख झाल्यावर होते. सूर्योदयापूर्वी पश्चिम क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा जो आडवा पट्टा दिसतो, तो ढग नसून वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली असते, आणि तिच्यावरचा गुलाबी पट्टा हवेतून दूरवर आल्यामुळे तांबूस झालेल्या सूर्यप्रकाशाच्या विखुरण्यातून उमटतो. सूर्य क्षितिजाकडे जसजसा चढतो, तसतशी ही सावली पश्चिमेला बुडत जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास दिसेनाशी होते. तिच्यामागोमाग, हवेत थोडे धुके असल्यास, अलंग, मदन आणि कुलंग यांच्या दिशेने खुद्द कळसूबाईची त्रिकोणी सावली पसरते; डोंगराचा माथा कसाही असला तरी दूर जाणारी सावली दृष्टिक्रमामुळे त्रिकोणीच भासते. सूर्य तर रोजच दिसतो, तेव्हा इतक्या उंचीवर चढून कवितेने काही दाखवायचे असेल तर ते पाठीमागचे दाखवावे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

यातूनच वाचनाची वेळ व जागा ठरते. सूर्योदयाला दहा-बारा मिनिटे असताना सुरुवात केली, तर तिसरे कडवे पट्टा खाली सरकत असतानाच येते. सूर्य वर आल्यावर म्हटल्यास तेच कडवे खोटे ठरते. वाचकाने वाऱ्याकडे पाठ करावी, आणि हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असेल तर श्रोत्यांच्या मागे, पूर्वेच्या बाजूस उभे राहून त्यांच्या डोक्यांवरून पश्चिमेकडे आवाज टाकावा. मग श्रोत्यांना त्याच्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. ‘सावली’, ‘लागली’, ‘खाली’ यांचे शेवटचे दीर्घ स्वर ताणता येतात व दूर जातात, उलट ‘रेघ’चा ‘घ’ वाऱ्यात सहज हरवतो, म्हणून तो शब्द सावकाश म्हणावा लागतो. कपाळावरचा दिवा मात्र विझवावा, नाहीतर श्रोत्यांच्या डोळ्यांना तो मंद पट्टा दिसणारच नाही. अर्थात कविता पाठ असणे आले.

चौथे कडवे उतारवयाचे आहे. पुढे धावणारा माणूस ते लिहीत नाही. गुडघे कुरकुरू लागल्यावर जो सर्वांत मागून येतो आणि माथ्यावरील टाळ्या खालच्या शिडीवरून ऐकतो, त्यालाच ते सुचते. धुके दाट असल्यास दुसरे व तिसरे कडवे सरळ गाळावे, कारण न दिसणारी सावली दाखवण्यात अर्थ नाही. पहिले म्हणून थांबावे आणि शेवटचा माणूस शिडीवरून वर आल्यावर चौथे म्हणावे.