नाव उच्चाराने, माहिती अर्थाने

श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघालेल्या सांगलीकडील एका मंडळाचे यात्रेकरू बहुतेक ज्येष्ठ होते. कन्नड वाचता येणारे त्यांत एक-दोघेच. म्हणून आधी जाऊन आलेल्या पुतणीने पायथ्याजवळच्या माहितीफलकाचे फोटो काकूंपुढे ठेवले आणि त्यावरून एका पानाची मराठी सूची तयार करावी, असे ठरले. काकूंचे माहेर चिकोडीकडचे. कन्नड त्यांना बोलता येते आणि वाचताही येते. पुतणीकडे फलकावरचा इंग्रजी मजकूर होता. काम तासाभराचे वाटले होते, त्याला तीन दुपारी लागल्या.

फोटोंपैकी पहिला तिरका होता. तिरक्या फोटोत ओळी एकमेकींवर सरकल्यासारख्या दिसतात आणि पाचव्या क्रमांकासमोर सहाव्याचे नाव येते. सुदैवाने पुतणीने समोरून काढलेला एक आणि सूचीच्या जवळून काढलेले दोन, असे आणखी तीन फोटो आणले होते. नकाशावरील आकडा, सूचीतील आकडा आणि त्यासमोरचे नाव यांचा मेळ आधी घातला गेला. हा मेळ चुकला तर पुढचे सारे शुद्धलेखन व्यर्थ.

मग प्रत्येक ओळीचे दोन भाग केले गेले. नाव उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायचे आणि माहिती मराठीत सांगायची. यामागे व्यवहाराचा विचार होता. यात्रेकरू नाव घेऊन रिक्षावाल्याला, फुलवाल्याला वाट विचारणार. ‘अंधारी बसदी कोठे आहे?’ असे विचारले तर तो गोंधळेल. ‘कत्तले बसदी’ म्हटले की बोट दाखवील. उलट ‘पादरक्षे बिडुव स्थळ’ हे कन्नड शब्द नुसते देवनागरीत उतरवून कोणाचेच भले होत नाही. तेथे ‘चपला ठेवण्याची जागा’ असेच लिहिले पाहिजे. ‘कुडियुव नीरु’ म्हणजे पिण्याचे पाणी. तहानलेल्या माणसाला त्याचा उच्चार नको, अर्थ हवा.

पुतणीने पहिला मसुदा इंग्रजी मजकुरावरून केला होता. त्यात ‘डोड्डाबेट्टा’, ‘कट्टले बसदी’ आणि ‘श्रवणबेलगोला’ अशी नावे होती. काकूंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, इंग्रजीत द आणि ड एकच, त आणि ट एकच. तू मुळातलं वाच.” मूळ कन्नडमध्ये पाहता ‘दोड्डबेट्ट’ असे निघाले: पहिला द, मधला ड्ड, शेवटचा ट्ट. ‘कत्तले’मध्ये मात्र त्त आहे. रोमन लिपीत दोन्ही ठिकाणी तीच जोड अक्षरे असल्याने हा भेद तेथे पुसला जातो. बेळगोळमधला ळ तर मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच नांदतो. इंग्रजीच्या वाटेने आणला की त्याचा ल होतो आणि शेवटी एक नसलेला काना चिकटतो. दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्या गावाहून निरोप धाडावा, तसा हा प्रकार.

शेवटच्या अक्षराचा प्रश्न थोडा निराळा. कन्नड माणूस ‘बेट्ट’मधला अंत्य अ स्पष्ट उच्चारतो, तर मराठी जीभ शेवटचा अ सहसा गिळते. जोडाक्षर सोडून ‘दोड्डबेट’ असे लिहिले असते तर वाचणाऱ्याला समुद्रातील बेट आठवले असते. कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर वा टेकडी. दोड्डबेट्ट म्हणजे मोठी टेकडी, चिक्कबेट्ट म्हणजे लहान टेकडी.

येथे पुतणीने एक रास्त शंका काढली. ही तर नावे नसून वर्णनेच आहेत. मग ‘मोठी टेकडी’ असे भाषांतर का करू नये? ज्या शब्दावर गावातला माणूस वळून बोट दाखवतो तो अर्थाने वर्णन असला तरी कामाने नाव असतो, असे काकूंचे म्हणणे पडले. मराठी जैन माणसाला ही ठिकाणे विंध्यगिरी आणि चंद्रगिरी म्हणून माहीत असतात, हेही खरे. म्हणून ओळ अशी ठरली: ‘दोड्डबेट्ट, अर्थात विंध्यगिरी. मोठी टेकडी, गोमटेश्वराची मूर्ती माथ्यावर, चढायला सहाशेहून अधिक पायऱ्या.’ रूढ मराठी नाव उपलब्ध असेल तर ते गाळू नये, पण स्थानिक नावाच्या जागीही बसवू नये. शिवाय दोड्डबेट्ट नावाचे एक शिखर निलगिरी पर्वतातही आहे. विंध्यगिरी जोडल्याने तोही घोटाळा टळतो.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. ‘भंडार बसदी’ वाचून पुतणीने माहितीच्या रकान्यात ‘महाप्रसादाचे ठिकाण’ असे लिहून टाकले होते, कारण मराठीत भंडारा म्हणजे पंगत. वस्तुतः ही बसदी होयसळ राजा पहिला नरसिंह याचा कोशाधिकारी हुळ्ळ याने बाराव्या शतकात बांधविली आणि तिच्यात चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. नावातला भंडार हा खजिन्याचा. तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाचे पद बसदीला लागले, हे व्यापारी घरातल्या वाचकाला चटकन समजावे.

विंध्यगिरीवरील ‘त्यागद कंब’ याचेही तसेच. कंब म्हणजे खांब. पण त्याग या शब्दाला कन्नडमध्ये दान देण्याचा अर्थ आहे, आणि चावुंडरायाने येथे दान वाटले अशी परंपरा सांगितली जाते. ‘संन्यासाचा खांब’ असे भाषांतर झाले असते तर यात्रेकरूंनी हात जोडले असते, पण चुकीच्या गोष्टीला. अक्कन बसदीच्या बाबतीत मात्र आपल्या सीमाभागाने साथ दिली. अक्का शब्द आपल्याकडेही थोरल्या बहिणीसाठी चालतो, आणि ही बसदी बांधविणारी आचियक्का तिच्या नावातच अक्का घेऊन आली आहे. तेथे ‘थोरल्या बहिणीची बसदी’ असे लिहिले असते तर ती बाईच हरवली असती.

हा नियम सगळीकडे सुरळीत चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘कल्याणी’ हे गावातल्या तलावाचे नाव आहे, पण कर्नाटकात पायऱ्यांच्या कुंडाला सर्रास कल्याणी म्हणतात. ते नाव मानावे की जातिवाचक शब्द? काकूंनी ‘कल्याणी, पायऱ्यांचा तलाव’ असे लिहून दोन्ही राखले. ‘बसदी’ला पर्याय शोधायचा नाही, हे आधीच ठरले होते. ‘मंदिर’ लिहिले असते तर फलकावर तो शब्द कोठेच सापडला नसता. कन्नडमधली शेवटची ऱ्हस्व इ मराठी लेखनाच्या रीतीप्रमाणे दीर्घ झाली, तेवढाच काय तो बदल.

यात्रेच्या वेळी सूचीचे पान प्रत्येकाच्या हाती होते आणि विंध्यगिरीवर चढल्यावर मंडळी मूर्तीच्या पायाशी असलेल्या प्रसिद्ध शिलालेखांपाशी थांबली. चावुंडरायाने मूर्ती करविली, ही गोष्ट तेथे कन्नड, तमिळ आणि मराठी या तीन भाषांत कोरलेली आहे. नाव तिन्हींत त्याचेच, शेवटचा प्रत्यय भाषेप्रमाणे बदललेला. क्रियापद मात्र तिन्हींत वेगळे. कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, मराठीत ‘करवियलें’. होयसळांचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचे बांधकाम करविले, त्याच्या मराठी ओळीत त्या बांधकामाला ‘सुत्ताले’ म्हटले आहे. तो शब्द कन्नडच्या ‘सुत्तालय’चा, कोरणाऱ्याने मराठीत तसाच ठेवलेला. काकूंनी तो बोटाने दाखवला आणि पुतणीला म्हणाल्या, “आपल्या सूचीत हा एक राहिला बघ. लिही, सुत्तालय, आणि पुढे, भोवतालच्या ओवऱ्या.”