पाच वेळा बाथरूमला

या ब्लॉगवर मी एरवी एखादा आजार घेतो आणि तो उलगडून सांगतो. आजच्या लेखातही एक आजार आहेच. पण तो मला नीट समजला एका सिस्टरमुळे, म्हणून आज त्यांच्या एका रात्रीबद्दल लिहितो.

गोष्ट १९९६ च्या पावसाळ्यातली. एमबीबीएस झालं होतं, एमडी व्हायचं होतं, आणि मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नोकरी करत होतो. जुलै महिना म्हणजे जुलाब-उलट्यांचा हंगाम. त्या दिवशी ओपीडीतून मी अकरा गॅस्ट्रोचे पेशंट भरती केले होते. संध्याकाळी साडेसातला बारावी आली. एकोणीस वर्षांची मुलगी, दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, अशक्तपणा, जीभ कोरडी. मी पोट दाबून पाहिलं, केसपेपरवर ‘गॅस्ट्रो’ लिहिलं, उलटीचं इंजेक्शन आणि डीएनएस, म्हणजे साखर-मीठ दोन्ही असलेलं सलाईन, लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. जुलाब होतायत का, हे विचारलं होतं. ‘नाही’ म्हणाली, तेही मी लिहिलं. लिहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

सरकारी दवाखान्यात रात्रपाळी संध्याकाळी आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची असते. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात त्या रात्री ज्या सिस्टर होत्या त्या चाळिशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. साठ खाटा, पावसाळ्यामुळे खाली गाद्यांवर आणखी काही पेशंट, आणि मदतीला एक मावशी. आठ वाजता ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या सिस्टरबरोबर खाटेखाटेपाशी जाऊन कोण कसं आहे ते ऐकायचं. मग सलाईनच्या बाटल्या, दहाची इंजेक्शनं, ताप-नाडीच्या नोंदी. बारा वाजता मोठे दिवे बंद होतात आणि सिस्टरच्या टेबलावरचा एक दिवा उरतो.

ते टेबल वॉर्डाच्या दाराशी होतं. बाथरूमही त्याच दाराबाहेर. आम्ही डॉक्टर राऊंडला येतो तेव्हा एका पेशंटपाशी तीन-चार मिनिटं थांबतो. त्या तीन-चार मिनिटांत पेशंट जसा दिसतो तसा तो आम्हाला माहीत. रात्रीच्या सिस्टरला मात्र तोच माणूस बारा तास दिसत असतो. कोण झोपलं, कोण कूस बदलतंय, कोण उठून बसलंय, कोण टेबलासमोरून किती वेळा गेलं.

ही मुलगी अकरा वाजता आईचा हात धरून गेली. मग सव्वाबाराला, एक वाजता, दोनला दहा मिनिटं कमी असताना. दर वेळी परत आल्यावर तांब्याभर पाणी प्यायची आणि थोड्या वेळात उलटायची. दोन वीसला पाचव्यांदा उठली तेव्हा सिस्टरांनी आईला विचारलं, “जुलाब सुरू झाले का?”

“नाही हो बाई, नुसती लघवी. घरीसुद्धा महिनाभर हेच चाललंय. रात्रीतून चार-चारदा उठते.”

आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसाच्या अंगातलं पाणी उलट्यांनी गेलंय, त्याची लघवी कमी व्हायला हवी. जीभ कोरडी आणि लघवी भरपूर, हे गॅस्ट्रोच्या चित्रात बसत नाही. सिस्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, “वजन उतरलंय का?” आई म्हणाली, सगळे ड्रेस ढिले झालेत, आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन.

मग त्यांनी मुलीचं मनगट धरलं, जणू नाडी बघतायत. ही एक जुनी युक्ती आहे. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून बोटं नाडीवर ठेवायची आणि डोळे छातीवर. पूर्ण एक मिनिट मोजायचं. घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो, आणि बरेच जण तेवढंही न करता सरळ ‘२०’ लिहून मोकळे होतात. (माझ्या त्या संध्याकाळच्या केसपेपरवर काय लिहिलं होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.) सिस्टरांचा आकडा आला ३२. श्वास नुसता जलद नव्हता, खोल होता, डोंगर चढून आल्यासारखा. खाटेवर पडलेल्या, ताप नसलेल्या, खोकला नसलेल्या मुलीचा.

वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत एक स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि बेनेडिक्ट द्रावणाची निळी बाटली असायची. घरोघरी ग्लुकोमीटर येण्याआधीचे ते दिवस. पाच मिलीलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून दोन मिनिटं उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो; जसजशी जास्त तसा हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा लाल. दोन चाळीसला मामा माझ्या क्वार्टरचं दार वाजवत होते. कॉलबुकात सिस्टरांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘खाट क्र. १४. श्वास ३२, खोल. लघवीत साखर, वीटलाल. कृपया ताबडतोब यावे.’

मी पोचलो तेव्हा सलाईनची बाटली बदललेली होती. “सर, डीएनएस मी बंद केलं. साधं एनएस लावलंय.” खरं तर डॉक्टरच्या लेखी ऑर्डरशिवाय त्यांना हे करायचा अधिकार नव्हता आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी छाती तपासली, दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ. “तोंडाला वास येतोय बघा, पिकलेल्या फळासारखा,” त्या म्हणाल्या. मला काहीच आला नाही. हा वास काही जणांच्या नाकाला येतच नाही, मी त्यातलाच. म्हणून लघवीतली कीटोनची तपासणी केली. जांभळं कडं लगेच उमटलं.

थोडं समजावून सांगतो. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींच्या आत जात नाही. रक्तात ती साधारण १८० च्या वर गेली की लघवीवाटे सांडू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी आणि तहान. पेशी मात्र उपाशी असतात, त्यामुळे शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. रक्त आंबट होऊ लागलं की शरीर श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते आम्ल कमी करायला बघतं. तोच तो खोल, जलद श्वास. फुफ्फुसं निरोगीच असतात, ती फक्त रक्तासाठी जास्तीचं काम करत असतात. उलट्या आणि पोटदुखीही या आम्लांमुळेच. नुसते कीटोन उपाशी माणसाच्या लघवीतही सापडतात. पण भरपूर साखर, भरपूर कीटोन आणि असा श्वास हे तिन्ही एकत्र आले की शंकेला फारशी जागा राहत नाही. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. तरुण मुलांमध्ये कित्येकदा मधुमेहाची पहिली ओळख अशीच होते. आणि मी तिला साखरेचं सलाईन लावून आलो होतो.

लॅबच्या तंत्रज्ञांना घरून बोलावलं. साखर ४८० आली. पहिल्या तासात एनएसच्या दोन बाटल्या भराभर सोडल्या. इन्सुलिन द्यायचं होतं तासाला चार युनिट, वजन बेचाळीस किलो म्हणून. पंप नव्हता. सिस्टरांनी फ्रिजमधून वायल आणली, पाचशे मिलीच्या बाटलीत पन्नास युनिट घालायचे ठरले, आणि त्यांनी भरलेली सिरिंज आणि वायल माझ्यासमोर धरली. “सर, मोठ्यानं वाचा.” मला थोडा रागच आला. पण आपल्याकडच्या वायलमध्ये एका मिलीत ४० युनिट असतात, सिरिंज दुसऱ्या मापाची निघाली तर डोस अडीचपटीनं चुकू शकतो, आणि रात्री ताडून बघायला दुसरी सिस्टर नसते. मी वाचलं. मग त्यांनी नळीतून पन्नासेक मिली द्रावण बेसिनमध्ये सोडून दिलं, कारण इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं आणि सुरुवातीला पेशंटपर्यंत कमी पोचतं. मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला चाळीस थेंब म्हणजे तासाला चार युनिट. ते चाळीस थेंब त्या रात्री त्यांनी किती वेळा मोजले असतील ते मी सांगू शकत नाही, कारण चार वाजता मी खुर्चीत झोपलो.

जाग आली ती चाकांच्या आवाजानं. लकवा झालेल्या एका आजीबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मावशी आणि सिस्टर तेच करत होत्या. बाजूच्या ट्रॉलीवर सकाळच्या रक्ततपासणीच्या बाटल्या नावं घालून तयार. खाट चौदाच्या तक्त्यावर तासातासाला श्वासाचे आकडे: ३२, ३०, २८, २६. चारही पूर्ण मिनिट मोजलेले, याची मला खात्री होती.

साडेसातला साखर २४० वर आली. या टप्प्यावर इन्सुलिन बंद करून चालत नाही. आम्ल अजून पूर्ण गेलेलं नसतं, आणि साखर फार खाली जाऊ नये म्हणून सलाईनमधून साखर सुरू करावी लागते. सिस्टरांनी कपाटातून नवी बाटली काढली. “आता लावायचं ना सर, तुमचं डीएनएस?” त्या हसल्या की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी केसपेपर घेतला आणि आदल्या संध्याकाळच्या ‘गॅस्ट्रो’वर रेघ मारायला पेन टेकवलं. त्यांनी कागदावर हात ठेवला. “खोडू नका सर. खाली नवीन लिहा, वेळ घालून.” त्यांच्या रिपोर्ट बुकात मी नंतर पाहिलं. २.३५ ला डीएनएस बंद केलं, ऑर्डर नव्हती, २.४० ला डॉक्टरांना कळवलं, असं त्यांनी स्वतःबद्दलही जसंच्या तसं लिहिलं होतं.

आठ वाजता दिवसपाळीच्या सिस्टर आल्या. ओव्हर सुरू झाली, खाट एक, खाट दोन. चौदापाशी त्या थांबल्या, थेंब पुन्हा मोजले, आणि म्हणाल्या, “इन्सुलिन चालू आहे, चाळीस थेंब. मुलगी रात्री अडीचपर्यंत पाच वेळा बाथरूमला गेली होती, त्यानंतर दोनदा. आता किती वेळा जाते ते लिहीत जा.”