उतारावरचा स्टाफ

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर टेप धरून अंतर मोजायचं म्हणजे घाणेरीच्या झुडपांशी भांडण. म्हणून डिप्लोमाच्या सर्व्हे कॅम्पमध्ये सरांनी आमच्या गटाला तिथं टॅकोमेट्रीचं काम दिलं. थिओडोलाइट पायथ्याशी, स्टाफ वर टेकडीच्या कडेला, आणि मधल्या जमिनीवर पाऊल न टाकता दोन्हींमधलं आडवं अंतर आणि उंचीचा फरक काढायचा.

दुर्बिणीत मधल्या आडव्या रेषेच्या वर-खाली दोन आखूड रेषा असतात. त्यांना स्टेडिया हेअर म्हणतात. नजर सपाट असेल आणि स्टाफ १०० मीटरवर असेल, तर या दोन रेषांमध्ये स्टाफचा बरोबर एक मीटर भाग दिसतो. म्हणून दोन रीडिंगमधला फरक शंभरानं गुणला की अंतर. पण या शंभरावर आंधळेपणानं विश्वास ठेवायचा नाही. आम्ही आधी मैदानावर टेपनं ३०, ६० आणि ९० मीटर मोजून स्टाफचे फरक ताडून पाहिले होते. आमच्या यंत्राला वेगळा काही जोड द्यावा लागत नव्हता, नुसतं शंभर पुरत होतं.

टेकडीवर नजर तिरकी होते आणि गुणाकार पुरत नाही. स्टाफ उभा, नजर वर चढणारी. त्यामुळे नजरेला काटकोनात धरला असता तर दिसला असता त्यापेक्षा स्टाफचा जास्त भाग रेषांमध्ये येतो. त्यासाठी एकदा कोनाच्या कोसाइननं गुणायचं. त्यातून मिळतं ते तिरकं अंतर, ते आडवं करायला पुन्हा कोसाइन. सूत्रातला वर्ग येतो तो इथून. परीक्षेसाठी पाठ करणाऱ्यांना हे कधी कळत नाही.

त्या दिवशी वरच्या बिंदूकडे आमचा कोन +६°३०′ होता. पहिल्या हिशेबात आडवं अंतर आलं १३२.० मीटर. यंत्र वर नेऊन खालचा बिंदू पाहिला, तर तेच अंतर १३०.९. एकशेतीस मीटरमध्ये एक मीटरहून जास्त तफावत! गटातल्या एकानं लगेच कोन चुकल्याचं निदान केलं. सरांनी वही पाहिली, मग स्टाफ धरणाऱ्याकडे पाहिलं.

“भाऊ, स्टाफ मागं झुकला आहे.”

“नाही सर, सरळच तं आहे.”

ओळंबा सोडला, तर दोन अंशांच्या आसपास मागे होता. स्टाफ धरणारा त्याच्या मागे उभा राहून तो नकळत आपल्याकडे ओढतो, म्हणजे यंत्रापासून दूर. सपाट नजरेत एवढ्या झुकावानं या अंतरात आठ-दहा सेंटीमीटरच बिघडतात. पण चढत्या नजरेत स्टाफ काटकोनापासून आणखी लांब जातो आणि अंतर साठ-सत्तर सेंटीमीटरनं वाढतं. वरून खाली पाहताना तोच झुकाव काटकोनाकडे जातो, म्हणून अंतर कमी येतं. दोन्ही दिशांनी पाहिल्यामुळेच चोर सापडला.

लेव्हलिंगमध्ये स्टाफ पुढे-मागे हलवून सर्वात कमी रीडिंग घेण्याची युक्ती असते. ती इथं उलटी फसवते, कारण चढत्या नजरेत दोन रेषांमधला फरक सर्वात कमी होतो तो स्टाफ यंत्राकडे साडेसहा अंश वाकलेला असताना. इथं ओळंबा किंवा स्टाफचा बुडबुडाच हवा.

ओळंबा लावून यंत्र पुन्हा पायथ्याशी मांडलं. रीडिंग मिळाली १.१२०, १.७८५ आणि २.४५०. वरच्या आणि खालच्या रीडिंगची सरासरी मधल्याशी जुळते, म्हणजे वाचण्यात गडबड नाही. फरक १.३३०, शंभरपट १३३. त्याला cos² ६°३०′ म्हणजे ०.९८७२ नं गुणलं की आडवं अंतर १३१.३० मीटर. त्याला tan ६°३०′ नं गुणल्यावर यंत्राच्या अक्षापासून मधल्या रीडिंगपर्यंतची चढण १४.९६. यंत्राची उंची १.४५ मिळवायची, मधलं रीडिंग १.७८५ वजा करायचं. वरचा बिंदू खालच्यापेक्षा १४.६२ मीटर उंच.

कॅल्क्युलेटरवर १४.६२४ दिसत होतं. सरांनी शेवटचा अंक खोडायला लावला. स्टाफवरच्या खुणा पाच मिलिमीटरच्या, त्यातला मिलिमीटर डोळ्यानं अंदाजायचा, आणि दोन रेषांच्या फरकात एक मिलिमीटर चुकला की अंतरात दहा सेंटीमीटर जातात. उंचीला मात्र कोन जास्त नडतो. या अंतरावर एका मिनिटाची चूक म्हणजे जवळपास चार सेंटीमीटर. त्यात नागपूरचं ऊन. दहानंतर काळा दगड तापला की जमिनीलगतची हवा थरथरते आणि खालची रेषा वरचीपेक्षा जास्त वाकते. म्हणून खालचं रीडिंग मीटरभर उंचीच्या वर ठेवायचं आणि कामं सकाळी उरकायची.

आपल्या झिरो माईलजवळच्या १९०७ च्या बेंचमार्कची उंची १०२०.१७१ फूट अशी तीन दशांशांपर्यंत दिलेली आहे. तसले अंक टप्प्याटप्प्यानं केलेल्या लेव्हलिंगला शोभतात. स्टेडियानं टेकडीचा समोच्च नकाशा छान होतो, बेंचमार्क होत नाही.