आई, तुझे केस कधीपासून गळतात?

तुमच्या बाथरूमच्या जाळीवर साचलेले केस तुम्ही कागदात गुंडाळून, कचऱ्याच्या अगदी तळाशी टाकता का? कोणाला दिसू नयेत म्हणून? मी टाकायचे. पुण्यात पीजीमध्ये आम्ही तिघी एका खोलीत राहतो. आंघोळ झाली की दार उघडण्याआधी मी फरशीवरचा एकेक केस गोळा करायचे. माझं वय तेव्हा २४ होतं.

माझं घर इंदूरला. घरात सगळ्यांना माझ्या वेणीचं कौतुक. डिसेंबरमध्ये ती वेणी हाताला बारीक लागायला लागली. आधी रबरबँडचे दोन वेढे पुरायचे, आता चार लागत होते. मग मी तेच केलं जे आपण बहुतेक जणी करतो. मधला भांग सोडून बाजूला काढायला लागले. केस घट्ट बांधायला लागले. आठवड्यातून तीनदा धुवायचे ते एकदाच धुवायला लागले. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर खिडकीकडे पाठ करून बसायचं सोडलं, कारण मागून उजेड आला की डोक्याची त्वचा दिसते असं मला वाटायचं. आणि कोणालाही न सांगता बायोटिनच्या गोड गोळ्या मागवल्या.

जानेवारीत मामेबहिणीच्या लग्नात पार्लरवाल्या ताईंनी केस हातात घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, किती पातळ झालेत! गंगावन लावावं लागेल." खोलीत मावशी, मामी, आई, सगळ्या होत्या. एकदम शांतता झाली. मग मामी म्हणाली, "पाणी बदललं ना, पुण्याचं." विषय संपला. आई काहीच बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला नंतर कळलं.

मार्च उजाडेपर्यंत मी डॉक्टरांकडे गेले नाही. त्वचारोगतज्ज्ञ केसांचंही बघतात हे मला माहीत होतं, पण तिथे जाणं म्हणजे "मला टक्कल पडतंय" हे मान्य करणं. टक्कल हा शब्द आपल्याकडे पुरुषांसाठी आहे. काकांच्या टकलावर घरात विनोद होतात, काका स्वतःच करतात. बाईचं केस नसलेलं डोकं म्हटलं, की आपल्या आजी-पणजीच्या पिढीला केशवपन आठवायचं, म्हणजे वैधव्य आणि अपशकुन. आज आपण तसं मानत नाही, पण हा विषय निघाला की आवाज अजून खाली जातो. त्यात माझ्यासारखीचं लग्नाचं वय. बायोडेटावरचा फोटो आधी, बाकी सगळं नंतर.

डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला विचित्र वाटला. "केस गळायला लागले त्याच्या साधारण तीन महिने आधी काय झालं होतं?"

मी आठवलं. सप्टेंबरमध्ये डेंग्यू. चार दिवस सलाईन, नंतर पंधरा दिवस अशक्तपणा. पण तो आजार तर कधीच बरा झाला होता!

मग त्यांनी जे समजावलं ते मला शाळेतच कोणी सांगायला हवं होतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात आणि थोडे विश्रांती घेत असतात. विश्रांतीला गेलेला केस सुमारे तीन महिने तिथेच चिकटून राहतो आणि मग गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं अगदी नॉर्मल आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून झपाट्याने कमी केलेलं वजन, असं काही झालं की शरीर खूप केसांना एकदमच विश्रांतीला पाठवतं. ते गळतात तीन महिन्यांनी. तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष देतो पाण्याला, शाम्पूला, नाहीतर हेल्मेटला.

केसाच्या टोकाला दिसणारा पांढरा मणी बघून मी रडले होते, की मूळच निघून आलं. तेही खोटं निघालं. तो विश्रांती संपलेल्या केसाचा शेवट असतो. मूळ त्वचेच्या आत शाबूत राहतं आणि त्यातून नवा केस येतो. आठवड्यातून एकदा केस धुवून तर मी स्वतःलाच घाबरवत होते. न धुतलेल्या दिवसांचे सुटलेले केस केसांतच अडकून राहतात आणि धुताना एकदम हातात येतात. गळायचे तेवढेच गळतात, फक्त ढीग मोठा दिसतो. घट्ट बांधण्याने मात्र खरंच नुकसान होतं. रोज ताण बसला की कपाळाजवळचे आणि कानशिलाजवळचे केस जायला लागतात.

त्यांनी पन्नास-साठ केस तीन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढले. पाच-सहांपेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे असं समजतात. माझे नऊ आले. "तापामुळे गळत असते तर आतापर्यंत कमी व्हायला हवे होते," त्या म्हणाल्या. ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. म्हणजे दुसरंही काही कारण होतं.

रक्ततपासणी लिहून देताना त्यांनी विचारलं, काही गोळ्या घेतेस का? मी आधी नाही म्हणाले. मग लाजत बायोटिनचं सांगितलं. बरं झालं सांगितलं. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीच्या आधी काही दिवस ते बंद करायला लागतं. आणि शरीरात बायोटिनची कमतरता नसेल, तर केसांना त्याचा खास उपयोगही होत नाही.

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १२.१, तेही ठीक. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ११. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा रिकामा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत चालतील, असं सांगितलं.

मग त्यांनी दिवा असलेल्या भिंगातून माझा भांग बघितला आणि पुढचा प्रश्न विचारला. "आईचे केस कसे आहेत?"

"छान आहेत," मी म्हणाले.

घरी येताना रिक्षात विचार करत होते. आईचे केस मी शेवटचे मोकळे कधी बघितले? नहाणं झालं की ती डोक्याला टॉवेल गुंडाळूनच बाहेर यायची. मग खोलीचं दार लावून अंबाडा घालायची. सणाला अंबाड्यात गंगावन असायचं, ते मला सजण्यातलंच वाटायचं. आणि भांग! लहानपणीच्या फोटोत मधोमध असलेला तिचा भांग नंतर कायम बाजूला.

रात्री फोन केला. सरळच विचारलं, "आई, तुझे केस कधीपासून गळतात?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "तू झालीस त्यानंतर. सगळ्यांचेच गळतात बाळंतपणानंतर, येतील परत, असं तुझी आजी म्हणाली. थोडे आले. मधले नाही आले."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? आजीनेही मला नव्हतं सांगितलं. तिचा पदर कधी डोक्यावरून खाली आलेला बघितलास का?"

तीन पिढ्या! पदर, टॉवेल आणि बाजूचा भांग. आम्ही तिघींनी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवली होती.

दुसऱ्या भेटीत मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ही माहिती रिपोर्टइतकीच महत्त्वाची आहे. भिंगातून त्यांना माझ्या भांगाजवळ जाड केसांमध्ये बरेच बारीक केस दिसले होते. घराण्यातून येणाऱ्या केस विरळ होण्याची ती सुरुवात असते. यात कपाळाची रेषा बहुधा तशीच राहते आणि भांग हळूहळू रुंद होतो, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. ताप किंवा बाळंतपणाच्या गळतीत ते पहिल्यांदा उघडं पडतं. आईचं तेच झालं होतं, माझंही तेच.

यावर मिनॉक्सिडिल नावाचं लावायचं औषध मिळालं. जे केस अजून जिवंत आहेत पण बारीक होत चाललेत, त्यांना ते सावरतं. म्हणून लवकर सुरू केलं तर जास्त उपयोग. त्यांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढेल, घाबरून बंद करू नकोस. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतील. आणि लग्नानंतर बाळाचा विचार असेल तर आधी मला भेट, कारण गरोदरपणात हे लावायचं नसतं. औषध थांबवलं की फायदाही हळूहळू जातो, हेही त्यांनी लपवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात खरंच मूठभर केस गळले. आधी सांगितलं नसतं तर मी बाटली फेकूनच दिली असती. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीत, मधला भांग काढून मी फोटो काढते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे रोज आरशात बघून काही कळत नाही. सहाव्या महिन्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा भांगाच्या कडेला बोटभर लांबीचे, उभे राहणारे केस दिसले. वेणी पूर्वीसारखी झालेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, कदाचित होणारही नाही. पण भांग आणखी रुंद झालेला नाही.

तुमचेही केस गळत असतील तर कॅलेंडर काढा आणि तीन महिने मागे जा. डोक्यावर एखादा गोल चट्टा मोकळा झाला असेल, ज्याला आपण चाई म्हणतो, किंवा त्वचा लाल होऊन आग होत असेल, किंवा पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर मात्र माझ्यासारखे तीन महिने घालवू नका. आणि दवाखान्यात जाण्याआधी आईला फोन करा.

माझी आई दिवाळीला पुण्यात आली होती. तिलाही मी त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिचे बरेच केस आता परत येणार नाहीत, उरलेले टिकवता येतील, असं त्या म्हणाल्या. घरी आल्यावर ती नहायला गेली आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आली. केस ओले, मोकळे. "बघ," म्हणाली, "इथून गेलेत." मी बघितलं. मग तिच्या हातातून कंगवा घेतला.